पंख्याला घरघर लागली तेव्हा

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या रात्री मला माझ्या लॅपटॉपचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकू आला. त्याआधीचे दहा दिवस इमारतीच्या खालीच मंडळाचा मांडव होता. आरत्या, ढोल, मुलांची गडबड, यात खोलीतल्या खोलीत मारलेली हाकसुद्धा ऐकू येत नव्हती. मांडव उतरला, गल्ली शांत झाली, रात्री अकराला मी दिवाळी अंकाची पानं लावायला बसले आणि कीबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून आवाज यायला लागला. जात्यात खडा आल्यावर येतो तसा, घरंगळत येणारा, मध्येच थांबणारा, पुन्हा सुरू होणारा.

मी घरून डीटीपी करते. हा अंक अकरा फर्म्यांचा, म्हणजे १७६ पानांचा होता आणि फाइल प्रेसला जायला नऊ दिवस उरले होते. लॅपटॉप पाच वर्षांचा. त्यात जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क नाही, एसएसडी आहे. ही गोष्ट त्या रात्री फार उपयोगी पडली, कारण मग मशीनमध्ये फिरणारी वस्तू एकच उरते, ती म्हणजे पंखा. तुमच्या मशीनमध्ये हार्ड डिस्क असेल तर आधी तिच्याकडे कान द्या. डिस्क बिघडते तेव्हा घर्र असा सलग आवाज क्वचित येतो, जास्त करून ठरावीक अंतरानं टक् टक् येतं आणि त्याच वेळी फाइल उघडायला वेळ लागतो. तसं असेल तर पंख्याचं पुढे बघू, आधी कामाची नक्कल दुसरीकडे काढून घ्यायची.

पंख्याचे आवाजही एका जातीचे नसतात. नुसता जोरात वारा वाहिल्यासारखा आवाज म्हणजे बहुतेक वेळा धूळ. वाट तुंबलेली असते, म्हणून पंखा बिचारा जास्त वेगानं फिरत राहतो. पंखा स्वतः ठणठणीत असतो. पत्त्याचं पान सायकलच्या तारांना लावल्यासारखा टरटर आवाज म्हणजे एखादी वायर किंवा कचऱ्याचा कण पात्यांना लागतोय. आणि जात्यासारखी घरघर म्हणजे ज्या बुशमध्ये पंख्याचा दांडा फिरतो ती बुश झिजलीय. लॅपटॉपच्या बऱ्याच पंख्यांत दांडा एका छोट्या बुशमध्ये तेलाच्या पातळ थरावर फिरतो. वर्षानुवर्षं उष्णता लागून ते तेल घट्ट होतं, सुकतं, त्यात धूळ मिसळते. मग धातूवर धातू घासायला लागतो, भोक मोठं होतं, दांडा डुलायला लागतो आणि पाती डब्याच्या भिंतीला लागतात.

हे पारखायची एक साधी युक्ती माझ्या भावानं फोनवर सांगितली. तो म्हणाला, "ताई, चालू असतानाच उचल आणि हळूच एका कडेवर उभा धर. आवाज बदलतो का बघ." मी लॅपटॉप पुस्तकासारखा उभा धरला आणि घरघर एकदम थांबली. पुन्हा आडवा ठेवला, चार सेकंदांत परत सुरू. बुश सैल झाली की दांड्याचं वजन कोणत्या बाजूला पडतं त्यावर घासणं अवलंबून असतं, त्यामुळे कोन बदलला की आवाज बदलतो. धुळीमुळे येणारा वाऱ्याचा आवाज असा बदलत नाही. (ही परीक्षा एसएसडीच्या मशीनवरच करा. हार्ड डिस्क फिरत असताना लॅपटॉप असा हलवणं म्हणजे एक दुखणं बरं करताना दुसरं ओढवून घेणं.)

एवढ्यावर मी निजले असते, पण त्याच रात्री आकडे बघून ठेवले आणि ते बरं झालं. HWiNFO नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, ते प्रोसेसरचं तापमान दाखवतं आणि ज्या मशीनमध्ये सोय आहे तिथे पंख्याचा वेगही दाखवतं. सगळे लॅपटॉप हा वेग बाहेर सांगत नाहीत, माझा सांगतो. काहीच काम चालू नसताना तापमान ६८ अंश होतं. एरवी ते ४५ ते ५० असायचं. मग अंकाची पीडीएफ काढायला लावली आणि पंख्याच्या ओळीकडे बघत बसले. मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, म्हणजे आरपीएमचा, आकडा ३,८०० वर गेला, तिथून १,९०० वर घसरला, एकदा चक्क शून्य झाला, पुन्हा २,६०० झाला. काम तेच, ताण तोच, उष्णता वाढत चाललेली, तरी पंख्याला एक वेग धरता येत नव्हता. नीट चालणारा पंखा कमीजास्त होतो, पण उष्णतेच्या मागोमाग. हा आपल्या मनानं थांबत होता. चौथ्या मिनिटाला तापमान ९७ झालं आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग पावणेतीन गिगाहर्ट्झवरून ०.७९ वर आला.

हे शेवटचं मला आधी समजलं नव्हतं. प्रोसेसर स्वतःला जपतो. माझ्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. तिच्या जवळ पोचलं की तो आपला वेग पाडतो, त्यानंही भागलं नाही तर मशीन सरळ बंद होतं. म्हणजे पंखा बिघडल्याची पहिली खूण बऱ्याचदा आवाज नसतेच, संथपणा असतो. गेला महिनाभर मी म्हणत होते की फाइल जड झालीय, रॅम वाढवायला हवी. दुकानातून भावही काढून आणला होता. त्या रात्री विंडोजमधलं Event Viewer उघडलं, त्यात Windows Logs, मग System, आणि Kernel-Processor-Power या नावाच्या, ३७ क्रमांकाच्या नोंदी शोधल्या. फर्मवेअरनं, म्हणजे मशीनमध्ये मुळातच बसवलेल्या सॉफ्टवेअरनं, प्रोसेसरचा वेग रोखून धरला की ही नोंद पडते. पहिली नोंद सहा आठवड्यांपूर्वीची होती. चुकीचा चार्जर लावला तरीही ही नोंद पडू शकते, पण माझा चार्जर तोच होता, आणि नोंदी नेमक्या पीडीएफ काढण्याच्या वेळांच्या होत्या. सहा आठवडे पंखा अडखळत होता. रॅम घेतली असती तर हजारो रुपये जाऊन आजार तसाच राहिला असता.

निजण्याआधी पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन Maximum processor state ५० टक्क्यांवर आणलं. त्यानं प्रोसेसर कमी तापतो. हा उपचार नाही, फक्त ताप उतरेपर्यंतची कपाळावरची पट्टी.

सकाळी बटण दाबलं. एरवी सुरू होताना पंखा क्षणभर जोरात फिरतो आणि शांत होतो. तो फुर्र आवाज आलाच नाही. आतून दोनतीनदा टिक्, टिक् असं काही तरी झालं, काळ्या स्क्रीनवर वरच्या कोपऱ्यात Fan error हे दोन शब्द आले आणि काही सेकंदांत मशीन बंद. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

ही सूचना कुठून येते ते सांगते, कारण पुढचं सगळं निदान त्यावर उभं आहे. लॅपटॉपमध्ये मुख्य प्रोसेसरखेरीज एक छोटी चिप असते, एम्बेडेड कंट्रोलर. बॅटरी, कीबोर्ड, पंखा यांचा कारभार तिच्याकडे. माझ्या पंख्याला चार वायरी आहेत: एक ५ व्होल्टची, एक ग्राउंड, एक वेग कमीजास्त करण्याचा हुकूम आणणारी आणि एक उलट उत्तर देणारी. पंख्याच्या एका फेरीत उत्तराच्या वायरीवर साधारणपणे दोन ठोके येतात. पंखा ३,००० आरपीएमनं फिरत असेल तर सेकंदाला पन्नास फेऱ्या, म्हणजे शंभर ठोके. मशीन सुरू होताना ती चिप पंख्याला वीज देते आणि ठोके मोजते. ठोके आले नाहीत तर तिच्या दृष्टीनं पंखा मेला, आणि ती विंडोजपर्यंत जाऊच देत नाही. सगळ्या कंपन्यांच्या मशीनवर शब्द तेच नसतात, कुठे लांबलचक वाक्य येतं, कुठे नुसता आकडा, पण मागची गोष्ट हीच.

आता यात गोम अशी की ठोके न येण्याची कारणं तीन असू शकतात. पंखा खरंच अडकलाय किंवा झिजलाय. किंवा पंखा फिरतोय पण उत्तराची वायर तुटलीय, प्लग सैल झालाय. किंवा पंखा चांगला आहे, त्याला मदरबोर्डकडून वीजच मिळत नाही. पहिल्या दोन्हींत काम काहीशे रुपयांत होतं, तिसऱ्यात बोर्डाचं काम निघतं. स्क्रीनवरचे शब्द तिन्हीत तेच. म्हणून शब्द वाचून पंखा मागवू नये.

भाचा म्हणाला, "मावशी, ते शब्द आल्या आल्या एस्केप दाब, काही मशीन पुढे जातात." माझं गेलंही. मोह मोठा होता, नऊ दिवस उरले होते. पण मी ते एकदाच केलं आणि फक्त कामाची नक्कल काढायला. लॅपटॉप दोन जाड पुस्तकांवर टेकवला, म्हणजे खालची जाळी मोकळी राहिली, बाजूला टेबलफॅन पूर्ण वेगानं लावला, प्रोसेसर ५० टक्क्यांवर होताच. तरी सहा जीबीचं फोल्डर पेनड्राइव्हवर जाईपर्यंत तापमान ८९ वर गेलं. नक्कल झाली आणि मी मशीन बंद केलं. याहून चांगला मार्ग एसएसडी बाहेर काढून यूएसबीच्या डबीत घालण्याचा आहे, मग लॅपटॉप चालू करावाच लागत नाही. माझ्याकडे डबी नव्हती.

प्रोसेसर स्वतःला सांभाळतो म्हटल्यावर एस्केप दाबून महिनाभर काम करायला काय हरकत, असं वाटू शकतं. हरकत शेजाऱ्यांची आहे. प्रोसेसर ९५ अंशांवर तासन् तास राहिला की ती उष्णता बोर्डात, तळाच्या पत्र्यात, बॅटरीत उतरते, आणि त्या शेजाऱ्यांपैकी प्रत्येकाला वेग पाडून वाचता येत नाही. एसएसडीला थोडंफार येतं, पण ७० अंशांच्या वरखाली तीही थकते. माझी त्या नक्कल काढण्याच्या वेळात ७१ दाखवत होती. बॅटरीचं दुखणं त्याहून वाईट. लिथियमच्या बॅटऱ्या साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज कराव्यात असं मानलं जातं. गरम मशीन चार्जरला लावूनच वापरलं तर बॅटरी लवकर म्हातारी होते आणि फुगूही शकते. फुगण्याची बाहेरून दिसणारी खूण टचपॅडवर मिळते, खालून दाब आल्यामुळे ते नीट दाबलं जात नाही किंवा एक कोपरा वर येतो. माझं टचपॅड सपाट होतं. ते बघून मी खरोखर सुटकेचा श्वास सोडला.

मग झाकण उघडलं. याआधी मी एकदाच, रॅमची जागा बघायला उघडलं होतं, तरी हात थरथरत होता. चार्जर काढला, मशीन पूर्ण बंद आहे याची खात्री केली. खालचे नऊ स्क्रू काढून एका कोऱ्या कागदावर लॅपटॉपची चौकट काढली आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागी, कागदावर चिकटपट्टीनं लावत गेले. बिजागरीकडचे दोन लांब होते. ते पुढच्या भागात घुसवले तर वरच्या बाजूला टोक निघू शकतं, म्हणून हा कागद हवाच. जुनं एटीएम कार्ड फटीत सरकवत झाकण सोडवलं. सगळ्यात आधी बॅटरीचा प्लग दोन्ही नखांनी सरळ ओढून काढला, मग पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरलं, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. हे केल्याशिवाय पंख्याच्या प्लगला हात लावायचा नाही.

पंखा समोर दिसत होता. बिस्किटाएवढा, काळा, बाजूला तांब्याच्या पातळ पट्ट्यांची जाळी. पंखा आणि जाळी यांच्या मध्ये धुळीची अख्खी वळी बसली होती, जुन्या गादीतल्या कापसासारखी, करडी, एकसंध. चिमट्यानं धरली तर सबंध निघाली. मला क्षणभर वाटलं, झालं काम, एवढंच होतं. मी करंगळीच्या टोकानं पात्यांना टिचकी दिली. चांगल्या पंख्याला टिचकी दिली की तो आवाज न करता कितीतरी फेऱ्या मारतो. हा अर्धी फेरी जाऊन थांबला, आणि बोटाला वाळू चावल्यासारखी खरखर लागली.

इथे एक घोटाळा होतो तो सांगून ठेवते. पात्यांची चकती वरखाली किंचित हलते आणि सोडली की परत बसते. हा दोष नाही. तिला आतलं चुंबक खाली धरून ठेवतं, थोडी लवचीक हालचाल असतेच. बघायची ती आडवी हालचाल. माझी चकती डावीउजवीकडे स्पष्ट डुलत होती. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तर डब्याच्या आतल्या भिंतीवर नखाएवढी चकाकती रेघ दिसली, पाती घासून घासून पडलेली. धूळ हे कारण असतंच, पण आता आजार बुशपर्यंत गेला होता.

जाळी ब्रशनं आणि हातातल्या छोट्या ब्लोअरनं साफ केली. हवा मारताना पात्यांच्या मध्ये दातकोरणं अडकवून पंखा धरून ठेवला. नाहीतर हवेच्या जोरानं तो भलत्याच वेगानं फिरतो, त्यात उरलेली बुश जाते, आणि प्लग जोडलेला असेल तर पंखा उलटा वीज तयार करून बोर्डात ढकलू शकतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर मी वापरला नाही, त्याच्या नळीच्या तोंडाशी स्थिर वीज साठते.

मग तेलाचा प्रश्न. आई म्हणाली, "अगं, खोबरेल तेलाचा एक थेंब सोड, शिलाई मशीन नाही का चालत?" आईचं तत्त्व बरोबर होतं, तेल चुकीचं. खोबरेल तेल थंडीत गोठतं, सकाळी कपाटातली बाटली बघितली की कळतंच, आणि उष्णतेनं चिकट होतं. गंज सोडवायचे स्प्रे त्याहून वाईट, ते आतलं उरलेलं तेल धुऊन नेतात. शिलाई मशीनच्या पातळ तेलाचा थेंब बुशमध्ये गेला तर पंखा काही दिवस, कधी काही आठवडे गप्प होतो. पण झिजून मोठं झालेलं भोक तेलानं लहान होत नाही. मला नऊ दिवसांचं काम होतं आणि त्यानंतरही मशीन वापरायचं होतं. मी तेल घातलं नाही. पंखाच बदलायचं ठरवलं.

पंखा सोडवणं माझ्या मशीनमध्ये सोपं निघालं. तीन छोटे स्क्रू, एक काळी चिकटपट्टी आणि प्लग. प्रोसेसरची उष्णता जाळीपर्यंत नेणारी तांब्याची नळी आणि प्रोसेसरवरचा भाग जागच्या जागी राहिला, त्यामुळे त्या दोघांच्या मधल्या, उष्णता पुढे पोचवणाऱ्या थर्मल पेस्टला हात लावावा लागला नाही. पुष्कळ लॅपटॉपमध्ये पंखा आणि नळी एकत्र जोडलेली असतात. तिथे सगळं उचलावं लागतं आणि एकदा उचललं की जुनी पेस्ट पुसून नवी लावावीच लागते, जुन्या सुकलेल्या पेस्टवर परत बसवून चालत नाही. तसं असतं तर मी झाकण लावून मशीन सरळ दुकानात नेलं असतं.

पंखा रुमालात गुंडाळला आणि धायरीहून बसनं निघाले. लॅपटॉपही बरोबर घेतला. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत सकाळी अकराच्या आत गेलं तर दुकानदाराला बोलायला वेळ असतो. आत जिन्याखाली एक दुरुस्तीवाले दादा बसतात, त्यांच्या टेबलावर मी पंखा ठेवला आणि म्हटलं, "दादा, नवा देण्याआधी मला एवढं सांगा, दोष पंख्यातच आहे ना? बोर्ड तर गेला नाही?"

त्यांनी यूएसबीची एक कापलेली वायर काढली, तिची लाल आणि काळी टोकं पंख्याच्या ५ व्होल्टच्या आणि ग्राउंडच्या पिनांना टेकवली. यूएसबीतून ५ व्होल्ट येतात, पंखाही ५ व्होल्टचा. हुकमाची वायर मोकळी असली की असे पंखे सहसा पूर्ण वेगानं फिरतात. माझा पंखा थरथरला, टिक् टिक् केलं आणि जागेवरच राहिला. त्यांनी पेनच्या टोकानं ढकललं, तेव्हा तो घर्र करत फिरायला लागला. वीज काढली, पुन्हा दिली, पुन्हा नुसती थरथर. "ताई, हा ढकलल्याशिवाय उठत नाही," ते म्हणाले. "काल रात्री गरम होता तोवर चालला. रात्रभर थंड झाला, आतलं तेल आखडलं, सकाळी उठलाच नाही."

रात्री चालणारं मशीन सकाळी का अडलं, हे मला तिथे उमगलं. आणि बोर्डाची शंकाही बरीच फिटली. हा पंखा बाहेरच्या विजेवरही उठत नसेल तर दोष त्याचाच. उलट तो टेबलावर झोकात फिरला असता आणि लॅपटॉपमध्ये मात्र हललाच नसता, तर संशय बोर्डावर किंवा प्लगवर गेला असता.

खरेदीत मात्र माझी फजिती होता होता राहिली. मी मॉडेलचं नाव सांगितलं, समोरच्या दुकानानं त्याच नावाचा पंखा काढून दिला. आकार तोच, पाती तशीच. दादांनी दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा दिसलं की नव्याची वायर बोटाच्या पेरभर आखूड आहे आणि स्क्रूचा एक कान दुसऱ्या बाजूला आहे. त्याच मॉडेलमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेलं एक मशीन येतं, तो त्याचा पंखा होता. म्हणून नाव सांगून पंखा मागू नका. पंख्यावरच्या कागदी चिठ्ठीचा फोटो काढा. त्यावर भागाचा क्रमांक असतो, व्होल्ट आणि अँपिअर असतात, माझ्यावर ५ व्होल्ट आणि ०.५० अँपिअर होतं. त्याखेरीज प्लगच्या पिना मोजा आणि वायरींचा क्रम जुन्याशी जुळवा. दुसऱ्या दुकानात जुन्या मशीनमधून काढलेला पंखा अडीचशेत मिळत होता. घेतला नाही. तोही तितकीच वर्षं फिरलेला, त्याची बुश किती उरलीय हे कोण सांगणार? नवा साडेआठशेला मिळाला. घेण्याआधी दादांनी तोही यूएसबीच्या वायरीवर फिरवून दाखवला. टेकवल्याबरोबर उठला, कान जवळ नेला तरी फक्त वारा ऐकू येत होता.

बसवायचं काम दादांनी माझ्यासमोर केलं. पंख्याचा प्लग बसवताना त्यांनी वायर चकतीच्या बाजूनं न नेता कडेच्या खाचेत दाबून बसवली, कारण सैल राहिलेली वायर पात्यांना लागली की आठवड्यानं टरटर सुरू होते आणि माणूस म्हणतो नवा पंखाच खराब. काळी चिकटपट्टी पंखा आणि जाळी यांच्या सांध्यावर परत लावली. ती शोभेची नसते. ती नसेल तर वारा जाळीतून जाण्याऐवजी फटीतून आतच फिरतो. शेवटी बॅटरीचा प्लग. झाकण लावण्याआधी बटण दाबलं. फुर्र, एक क्षण, मग शांत. Fan error आलं नाही.

घरी येऊन पॉवर ऑप्शन्स पूर्ववत केले आणि मुद्दाम तीच १७६ पानांची पीडीएफ पुन्हा काढली, त्याच टेबलावर, खिडकी तशीच उघडी ठेवून. वेगळं काम देऊन आकडे ताडण्यात अर्थ नसतो. रिकाम्या मशीनचं तापमान ४९. पीडीएफ चालू असताना पंखा ४,१०० च्या आसपास गेला आणि तिथेच राहिला, पन्नासाच्या वर इकडेतिकडे झाला नाही. तापमान ८४ वर टेकलं, पुढे चढलं नाही. प्रोसेसरचा वेग अडीच गिगाहर्ट्झच्या खाली आला नाही. आधी अकरा मिनिटं लागणारी फाइल चार मिनिटांत झाली. एसएसडी ५२ अंशांवर होती.

८४ हा आकडा बघून भाऊ म्हणाला, पेस्टही बदल, अजून पाचसहा अंश उतरतील. उतरतीलही. पण मशीन मर्यादेपासून दूर आहे, वेग पडत नाहीये, आणि अंक प्रेसला जायचा आहे, अशा वेळी चालू असलेली नळी उचलायची नाही असं मी ठरवलं. ते काम दिवाळीनंतर.

Event Viewer मात्र रोज संध्याकाळी बघत होते. आठव्या दिवशी फाइल प्रेसला गेली. त्या आठ दिवसांत ३७ क्रमांकाची एकही नवी नोंद नव्हती. जुना पंखा टेबलाच्या खणात ठेवलाय. शेजारच्या काकूंचा मुलगा परवा म्हणाला की त्याच्याही लॅपटॉपमधून आवाज येतो. मी तो पंखा काढून त्याच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, टिचकी मार, आणि बोटाला काय लागतं ते नीट बघ.